दगडातली संघाटी

गांधारची बुद्धमूर्ती पाहिली की 'ग्रीकांनी घडवलेला बुद्ध' हे वाक्य आपोआप तोंडी येतं. अलेक्झांडर आला, त्याच्या मागून ग्रीक राजे आले, मिनांडर म्हणजे आपला मिलिंद बौद्ध विचारांकडे वळला आणि मग मूर्ती घडली, असा एक सरळ क्रम पाठ्यपुस्तकांतून आपल्या डोक्यात बसलेला आहे. पण तारखा एकापुढे एक मांडल्या की हा क्रम टिकत नाही. अलेक्झांडर या भागात इ.स.पूर्व ३२७-३२६ मध्ये होता. मिनांडरचा काळ इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्याचा. इ.स.पूर्व पहिल्या शतकात गांधारची सत्ता शकांच्या हाती गेली होती. आणि आपण ज्याला गांधार शैली म्हणतो ती दगडी शिल्पं इसवी सनाच्या पहिल्या शतकात नीट दिसू लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या शतकात, कुषाण राजवटीत, अक्षरशः हजारोंनी घडतात. म्हणजे ग्रीक राजे गेल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी ग्रीक वळणाचा बुद्ध उभा राहिला. या शंभर वर्षांत ते वळण कुणी सांभाळलं, हाच मला या विषयातला खरा प्रश्न वाटतो.

उत्तराच्या जवळ जायला महाराष्ट्रातला एक पुरावा फार उपयोगी पडतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक म्हणून ओळखल्या जाणाऱ्यांनी, खांब दान केल्याचे लेख आहेत. जुन्नरला यवन इरिल यानं पाण्याची टाकी दिल्याचा लेख आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातलं १७ क्रमांकाचं लेणं तर धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त यानं कोरवलं, आणि लेखात तो स्वतःला उत्तरेकडचा, दात्तामित्री नगराचा योनक, म्हणजे यवन, म्हणवतो. यवन दाते होते, बौद्ध होते, पैसा त्यांचाच होता. तरी कार्ल्याच्या त्या खांबांवर ग्रीक म्हणावी अशी एक रेघ नाही. घंटेसारखी शीर्षं, हत्तींवर बसलेली जोडपी, सगळं इथल्याच पाथरवटांच्या हातचं. दात्याचं कुळ दगडात उतरत नाही, कोरणाऱ्याचं शिक्षण उतरतं. गांधारात वेगळं घडलं कारण तिथे कारखाने वेगळे होते.

ते शिक्षण कसं टिकलं याच्या दोन खुणा ठळक आहेत. पहिली तक्षशिलेची. सिरकप या नगरात ग्रीकांनंतर शक आणि पहलव नांदले, आणि त्या थरांत जॉन मार्शलच्या उत्खननात तळहाताएवढ्या दगडी तबकड्या सापडल्या. त्यांवर ग्रीक पुराणकथांतली माणसं आणि समुद्री घोड्यांसारखे प्राणी कोरलेले आहेत. राजा बदलला तरी बाजारातली आवड आणि कारागिराचा हात तसाच राहिला होता. दुसरी खूण काबूलच्या उत्तरेला बेग्रामची. १९३७ ते १९३९ या काळात तिथे भिंत घालून बंद केलेल्या दोन खोल्या उघडल्या, आणि त्यांत रोमन काचेची भांडी, भारतीय हस्तिदंती काम आणि चिनी लाखकाम एकत्र सापडलं. त्या ढिगात प्लास्टरची गोल पदकंही होती. भूमध्य समुद्राकडच्या धातूच्या भांड्यांवरील उठावचित्रांचे ते साच्यातून उतरवलेले नमुने होते. प्लास्टरच्या चकतीला दागिन्याची किंमत नसते. ती ठेवायची ती गिऱ्हाइकाला दाखवायला किंवा कारागिरासमोर मांडायला. एका खांद्यावरून उतरणारं वस्त्र, वळलेली मान, वाकलेला गुडघा, हे सगळं हातात मावेल अशा आकारात हिंदुकुश ओलांडून येत होतं. त्यामुळे 'ग्रीक की रोमन' हा विद्वानांचा जुना वाद मला निम्मा फोल वाटतो. मुळात ग्रीक वळण मुरलेले कारखाने होते, आणि रोमन व्यापारानं त्यांना नवे नमुने पुरवले.

वर सत्ता होती कुषाणांची, आणि त्यांना परक्या रूपाचं वावडं नव्हतं. कनिष्काच्या राजवटीची सुरुवात आता बहुतेक अभ्यासक इ.स. १२७ ला धरतात. त्याची पहिली नाणी ग्रीक भाषेत आहेत आणि त्यांवर हेलिओस हा सूर्यदेव उभा आहे. थोड्याच काळात नाण्यांची भाषा बदलून बॅक्ट्रियन होते, लिपी मात्र ग्रीकच राहते. देवाची आकृतीही तीच राहते, तशीच किरणांची प्रभावळ, तसाच पुढे केलेला हात. फक्त शेजारी हेलिओसऐवजी मिइरो हे इराणी नाव येतं. याच मालिकेत काही मोजक्या नाण्यांवर संघाटी, म्हणजे भिक्षूचं वरचं वस्त्र, पांघरलेला, उजवा हात उचललेला, प्रभावळ असलेला एक उभा पुरुष येतो आणि शेजारी ग्रीक अक्षरांत 'बोद्दो' असं नाव असतं. तयार रूप घ्यायचं, त्याला आपल्या देवाचं नाव द्यायचं, ही टांकसाळीतली पद्धत पाथरवटाच्या अंगणातही चालत होती.

आता दगडाकडे वळू, कारण अर्धी शैली दगडानं ठरवली आहे. पेशावरच्या खोऱ्यात आणि स्वातमध्ये मिळतो तो शिस्ट. करडा, निळसर, स्वातकडे हिरवट. त्यात अभ्रकाचे कण असतात, म्हणून उन्हात तो बारीक चमकतो. हा दगड थराथरांचा असतो. थराच्या दिशेनं पाचर मारली की सपाट फळी सुटून येते, म्हणून खाणीतून लाद्या काढणं सोपं जातं. मथुरेचा तांबडा वालुकाश्म असा सुटत नाही. त्यात पाथरवटाला गोलाईचा, भरीव ठोकळा मिळतो, आणि मथुरेचा बुद्ध तसाच रुंद छातीचा, भरदार, यक्षाच्या घराण्यातला दिसतो. गांधारच्या पाथरवटाला मिळते जाड फळी. थर मूर्तीच्या दर्शनी बाजूला समांतर ठेवून तो काम करतो, म्हणून गांधारची उभी मूर्ती समोरून पूर्ण वाटते आणि बाजूनं पाहिली की आश्चर्य वाटावं इतकी चपटी असते. पाठ बहुधा ओबडधोबडच सोडलेली असते, कारण ती भिंतीला किंवा कोनाड्याला लागणार असते.

थरांचा हा दगड बारीक रेघा सुंदर धरतो. वस्त्राच्या चुण्या खोल कापता येतात, केसांच्या लाटा धारदार निघतात. पण थरातून आडवं बाहेर येणारं काहीही त्याला पेलत नाही. अभयमुद्रेतला हात नेमका तसाच असतो, कोपरापासून सरळ प्रेक्षकाकडे आलेला. फळीतूनच तो हात काढायचा तर फळी दुप्पट जाड लागते, आणि इतकं करून हात थरावर तुटतोच. म्हणून अनेक मूर्तींत उजवा हात वेगळ्या दगडात कोरून, कोपराशी किंवा मनगटाशी खाच पाडून, खुंटीनं बसवलेला असे. संग्रहालयातल्या गांधार बुद्धाचा उजवा हात नसेल तर 'मूर्तिभंजकांनी तोडला' असं मनाशी ठरवण्याआधी तुटल्या जागी पाहावं. पृष्ठभाग खडबडीत, पायऱ्यापायऱ्यांचा असेल तर हात मोडला आहे. तो सपाट असेल आणि मधोमध चौकोनी किंवा गोल भोक असेल तर जोडलेला हात निखळून पडला आहे. बोटांच्या मधे पडद्यासारखा दगड दिसतो, त्याचंही असंच. महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांत जाळीदार बोटांचं लक्षण आहे, त्यामुळे शास्त्राला तो मान्य आहे. आणि सुटी, बारीक बोटं शिस्टमध्ये टिकत नाहीत, त्यामुळे पाथरवटालाही तो हवाच होता. शास्त्र आणि दगड इथे एकमेकांना सोयीचे पडले.

आज आपल्याला दिसतो तो उघडा करडा दगड तेव्हा कुणी पाहिला नसेल. कोरीव काम झालं की त्यावर लेप चढे, त्यावर रंग आणि सोन्याचा वर्ख. खोल चुण्यांत, केसांच्या खाचांत, कानामागे या लेपाचे आणि सोन्याचे अंश अजून सापडतात. म्हणून गांधारच्या 'गंभीर करड्या सौंदर्या'बद्दल कुणी भरभरून लिहिलं की मला अवघडल्यासारखं होतं. मूळ मूर्ती सोनेरी होती.

एक उभी मूर्ती डोक्यापासून पायापर्यंत वाचली की कोणता भाग कुठून आला आणि तो का घ्यावा लागला हे कळतं. केसांपासून सुरू करू. भिक्षूचं डोकं मुंडलेलं हवं. पण महापुरुषलक्षणांत उष्णीष आहे, डोक्यावरचा उंचवटा. नुसत्या मुंडलेल्या डोक्यावर उंचवटा कोरला तर तो व्यंगासारखा दिसण्याची भीती. गांधारच्या कारागिरानं लाटांचे लांब केस वर ओढून माथ्यावर त्यांचा अंबाडा बांधला आणि अंबाड्यालाच उष्णीषाची जागा दिली. ही केशरचना ग्रीक जगात अपोलोच्या मूर्तींवर रुळलेली होती. मथुरेनं हाच प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला. तिथे डोकं गुळगुळीत आहे आणि माथ्यावर शंखासारखी वळलेली एकच बट. सिद्धार्थानं तलवारीनं केस कापले, ते दोन बोटं उरले आणि उजवीकडे वळले, ही कथा ज्या रूपाकडे बोट दाखवते ते आखूड कुरळे गोंडे नंतर सगळीकडे रूढ झाले.

भुवयांच्या मधे ऊर्णा असते, कधी उठावाचा ठिपका, कधी खडा बसवण्यासाठी पाडलेला खळगा. डोळे अर्धे मिटलेले. कान लांबलेले, कारण राजपुत्र असताना त्यांत जड कुंडलं होती. डोक्यामागे साधी, गोल, बहुधा नक्षी नसलेली तबकडी. ही प्रभावळ ग्रीक-इराणी सूर्यदेवांकडून आली, आणि नाण्यांवर कुषाण राजांनी ती स्वतःच्या डोक्यामागेही लावली होती. पातळ असल्यामुळे हातानंतर सगळ्यात आधी तुटते तीच.

आता वस्त्र. बौद्ध भिक्षूची तीन चीवरं: कमरेला अंतरवासक, अंगावर उत्तरासंग आणि वरून संघाटी. गांधारच्या बुद्धाचे दोन्ही खांदे झाकलेले असतात. थंडीच्या मुलखात हे साहजिकच, पण कोरणाऱ्याची सोयही त्यातच होती. मोठं आयताकृती, न शिवलेलं कापड अंगाभोवती गुंडाळून टोक डाव्या खांद्यावर टाकायचं, ही रीत ग्रीक हिमेशनची तशी संघाटीचीही. ग्रीक कारखान्यात शिकलेल्या हाताला अशा कापडाचं चलन पाठ होतं. गळ्याशी काठ थोडा दुमडतो. डाव्या खांद्यावरून मुख्य चुण्या सुटतात आणि छातीवरून तिरप्या उतरत जातात. उचललेल्या उजव्या हातावर कापड तंग होतं आणि कोपराखालून त्याची घडी लोंबते. डावा हात खाली कापडाचं टोक मुठीत धरतो, म्हणून त्या बाजूला काठाची नागमोडी रेघ सरळ घोट्यापर्यंत जाते. एक गुडघा किंचित पुढे आलेला असतो. तिथे कापड अंगाला चिकटून चुण्या विरतात आणि दुसऱ्या पायावर त्या पुन्हा दाट होतात. सगळ्यात खाली संघाटीच्या काठाखालून अंतरवासकाच्या उभ्या, बारीक चुण्या डोकावतात. पाय अनवाणी.

चांगल्या मूर्तीत यातली प्रत्येक चुणी कुठून तरी निघते आणि कुठे तरी जाते. बोट तिच्यावर ठेवून (मनातल्या मनात) वर गेलं तर खांदा, हात किंवा गुडघा यांपैकी काहीतरी लागतंच. पुढच्या काळात, किंवा घाईनं काम करणाऱ्या कारखान्यात, चुण्यांची नक्षी होते. समान अंतरावर कोरलेल्या रेघा, खाली अंग आहे की नाही याचा पत्ता नाही. आजच्या बनावट मूर्तींत तर मधूनच सुरू होऊन मधूनच संपणारी चुणी सापडते, कारण नक्कल करणाऱ्यानं छायाचित्र पाहिलेलं असतं आणि कापड गुंडाळलेलं पाहिलेलं नसतं.

एकटी मूर्ती मोठी म्हणून तिच्याकडे लक्ष जातं. पण शैली घडली ती मला स्तूपांभोवतीच्या शिल्पपट्ट्यांत दिसते. सांची-भारहूतला कथा एका चौकटीत एकवटते. तोच माणूस एकाच चित्रात दोनतीनदा येतो, बुद्धाच्या जागी रिकामं आसन किंवा पाऊलखुणा असतात, आणि पाहणारा चित्रात फिरत राहतो. गांधारात एक चौकट म्हणजे एकच क्षण. दोन क्षणांच्या मधे अर्धस्तंभ, त्याच्या माथ्यावर अकॅन्थसच्या पानांचं कॉरिंथियन शीर्ष. जन्म, मग खांब. ऋषी असितानं भविष्य सांगितलं, मग खांब. स्वातमधल्या सैदू शरीफ इथला, इटालियन पथकानं उत्खनन केलेला मोठा स्तूप या पद्धतीच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला.

कथेला असं क्रमानं तोडलं की मधोमध एक माणूस लागतो, प्रत्येक चौकटीत ओळखू येणारा. रिकाम्या आसनावर ही पट्टी चालत नाही. लहान मूल, राजपुत्र, तपस्वी आणि मग बुद्ध, असा एकाच देहाचा प्रवास दाखवायचा तर देह दाखवावाच लागतो. बुद्धाची मानवी मूर्ती मथुरेत आधी की गांधारात, हा वाद शंभर वर्षं चालू आहे, आणि मला वाटतं दोन्हीकडे गरज वेगवेगळी होती. मथुरेत पूजेसाठी उभा यक्ष होता, त्याच्यापासून बुद्ध घडला. गांधारात चरित्र सांगायचं होतं.

हे चरित्र उजवीकडून डावीकडे वाचायचं. स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालताना तोंड स्तूपाकडे केलं की आपण आपल्या डावीकडे सरकत असतो, म्हणून पुढचा प्रसंग डावीकडे येतो. त्या भागातली खरोष्ठी लिपीही उजवीकडून डावीकडेच जाते. लाद्या बसवणाऱ्यांनी काही ठिकाणी कडेला किंवा मागे खरोष्ठी अक्षरं खुणेसाठी कोरली, म्हणजे कोणती लादी कुठे हे गवंड्याला कळावं. संग्रहालयांत अनेकदा पट्ट्या डावीकडून मांडलेल्या असतात, आणि मग सिद्धार्थ आधी घर सोडतो आणि नंतर जन्मतो.

या पट्ट्यांमधला महापरिनिर्वाणाचा प्रसंग मी कुणालाही पहिल्यांदा पाहायला सांगेन. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये लोरियान तंगाईहून आणलेली अशी एक प्रसिद्ध लादी आहे. मधोमध मंचक, त्याचे पाय कातलेले, ग्रीक पलंगासारखे. ग्रीक-रोमन थडग्यांवर मेलेला माणूस असाच मंचकावर असतो, पण तो कोपरावर टेकून जेवणाच्या पंगतीत बसल्यासारखा उठून बसलेला असतो. बौद्ध सूत्र सांगतं की तथागत उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून निजले. तेव्हा कारागिरानं मंचक ठेवला आणि माणूस आडवा केला. आणि इथे त्याची अडचण उघडी पडते. निजलेल्या माणसाच्या कापडाच्या चुण्या मंचकाकडे उतरायला हव्यात, पण या लाद्यांवर बहुतेक वेळा त्या गळ्यापासून पायांकडे वाहतात. लादी उभी धरली तर तो सरळ उभा बुद्ध होतो. कारखान्याकडे उभ्या बुद्धाचा नमुना तयार होता, तोच आडवा ठेवला.

मंचकासमोर पाठमोरा, ध्यानात बसलेला सुभद्र, शेवटचा शिष्य. बहुधा त्याच्या शेजारी तीन काठ्यांच्या तिवईला लटकलेली पाण्याची पिशवी. त्याच्या आजूबाजूला हात वर करून रडणारे कुशीनगरचे मल्ल लोक. कोसळलेला आनंद, त्याला हात देऊन उठवणारा अनिरुद्ध. कडेला महाकाश्यप, ज्याला वाटेत भेटलेल्या आजीवक पंथाच्या साधूच्या हातातल्या फुलावरून बातमी कळली. शोकाचे हे हावभाव ग्रीक-रोमन शिल्पांतले आहेत. पण कोण किती रडतो हे बौद्ध मतानं ठरवलं आहे. मल्ल उर बडवतात, आनंद खचतो, अनिरुद्ध सावरतो आणि सुभद्र हलत नाही. मोहातून जितकं सुटणं तितकी शांती, हे एका लादीवर चेहऱ्यांनी मांडलेलं आहे. उधार घेतलेली भाषा इतक्या नेमकेपणानं स्वतःचं म्हणणं सांगते, ते पाहिलं की या कारागिरांबद्दल माझा आदर दुणावतो. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातलं सुमारे सात मीटर लांबीचं महापरिनिर्वाण पाहिलेल्या माणसाला ही सगळी रचना ओळखीची वाटेल. उजवी कूस, दोन टोकांचे शालवृक्ष, खाली शोक करणाऱ्यांची रांग, वर देव. मांडणी गांधारातच पक्की झाली होती, अजिंठ्यानं ती पाचव्या शतकात मोठी केली.

याच लादीवर मंचकाशेजारी आणखी एकजण दुःखानं खचलेला असतो आणि त्याच्या हातातून मुसळीसारखं, मधे बारीक असलेलं आयुध सुटलेलं असतं. तो वज्रपाणी. पाली सूत्रांत तो एक यक्ष आहे. अंबट्ठ नावाचा उद्धट ब्राह्मण तरुण बुद्धाच्या प्रश्नाला उत्तर देईना, तेव्हा जळतं लोखंडी वज्र घेऊन तो आकाशात त्याच्या डोक्यावर उभा राहिला. ग्रंथात तो क्वचित दिसतो, गांधारच्या पट्ट्यांत मात्र जवळपास प्रत्येक प्रसंगात बुद्धाच्या मागे उभा असतो. आणि त्याला ठरलेला चेहराच नाही. कधी दाढीवाला, कधी कोवळा मुलगा, कधी उघडा पहिलवान, आणि काही लाद्यांवर तर सिंहाचं कातडं पांघरलेला. सिंहाचं कातडं हेराक्लिसचं. त्याच्या हातात गदा होती, ती काढून वज्र दिलं. जलालाबादजवळ हड्डा इथे तापा शोतोरच्या विहारात बसलेल्या बुद्धाशेजारी असा पूर्ण हेराक्लिस होता, मातीत घडवलेला, खांद्यावर कातडं, मांडीवर वज्र. अफगाणिस्तानातल्या युद्धकाळात ते स्थळ उद्ध्वस्त झालं, आता छायाचित्रंच उरली आहेत.

हेराक्लिसच का, याचं कारण मला कामाच्या स्वरूपात दिसतं. बौद्ध परंपरेला हवा होता बलवान, निष्ठावान, देव आणि माणूस यांच्या मधला रक्षक, ज्याचं रूप ग्रंथानं ठरवलेलं नाही. त्या मुलखात नाण्यांवरून घरोघरी पोहोचलेला असा एकच होता. जिथे ग्रंथ रूप सांगतो तिथे कारागीर ग्रंथ पाळतो, जिथे ग्रंथ गप्प आहे तिथे तो आपल्या नमुन्यांच्या पेटीत हात घालतो. हारितीचंही तसंच. मुलांना खाणारी यक्षिणी बुद्धाच्या उपदेशानं मुलांची रक्षक झाली, तिच्या हातात ग्रीक भाग्यदेवतेचं समृद्धीचं शिंग आलं. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात ती नवरा पांचिक याच्याशेजारी बसलेली आहे, तोवर शिंग गळून गेलं आहे.

या शिल्पांचा काळ ठरवणं हे मात्र अवघड काम. हजारो मूर्तींपैकी लेखात वर्ष असलेल्या अगदी थोड्या. लोरियान तंगाईच्या एका बुद्धाच्या पायथ्यावर ३१८ हे वर्ष आहे, हश्तनगरच्या पायथ्यावर ३८४. पण कोणत्या शकाचं, म्हणजे कोणत्या कालगणनेचं? इथे बाजौरच्या रुखुणा राणीच्या अस्थिपात्रानं वाट दाखवली. २००५ मध्ये रिचर्ड सॉलोमन यांनी प्रसिद्ध केलेल्या त्यावरच्या लेखात एकाच दिवसाला तीन वर्षं दिली आहेत: राजा विजयमित्राचं २७, शक राजा अय याचं ७३ आणि योनांचं २०१. म्हणजे यवनांचा शक अयाच्या शकाच्या १२८ वर्षं आधी सुरू झाला. अयाचा शक इ.स.पूर्व ४७-४६ ला सुरू झाला असं धरलं तर यवन शक इ.स.पूर्व १७५-१७४ ला येतो, आणि ३१८ वर्षाचा बुद्ध इ.स. १४३-१४४ चा ठरतो, ऐन कनिष्काच्या काळातला. हश्तनगरचा २०९-२१० चा. जुन्या विक्रम संवताशी जुळवून अयाचा शक इ.स.पूर्व ५७ ला नेला तर दोन्ही अकरा वर्षं मागे सरकतात. हाच ३१८ आकडा चुकून अयाच्या शकात मोजला, तर मूर्ती तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात जाऊन पडते. म्हणून गांधार मूर्तीखाली नुसतं 'दुसरं शतक' लिहिलेलं असलं तर ते बहुधा शैलीवरून केलेलं अनुमान असतं हे धरून चालावं.

अनुमानावर इतकं अवलंबून राहावं लागतं याचं कारण एकोणिसाव्या शतकातली खोदाई. जमालगढी, सिक्री, लोरियान तंगाई या ठिकाणांहून मूर्ती गाड्या भरभरून निघाल्या, पण कोणती कोणत्या थरात, कोणत्या स्तूपाच्या कोणत्या बाजूला होती याची नोंद बहुधा झालीच नाही. पुढे फाळणीत लाहोर संग्रहालयाचा संग्रह वाटला गेला आणि भारताच्या वाट्याची गांधार शिल्पं आज चंदीगडच्या सरकारी संग्रहालयात आहेत. बाजारातून आलेल्या मूर्तींची आणखी एक तऱ्हा, एकाचं धड आणि दुसऱ्याचं डोकं. मानेची रेघ झाकता येते, थरांची दिशा झाकता येत नाही. धडात थर दर्शनी बाजूला समांतर आणि डोक्यात ते तिरपे जात असतील, किंवा एकात अभ्रक जास्त चमकत असेल, तर दोघांची खाण वेगळी.

सुट्या झालेल्या लाद्यांना मात्र थोडं तरी बोलतं करता येतं, आणि त्यासाठी मोजपट्टी पुरते. स्तूपाच्या मेधीवर, म्हणजे गोल जोत्यावर, बसलेली लादी स्वतःही किंचित वाकलेली असते. तिच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजायचं आणि मधोमध बाक किती आहे तो मोजायचा. समजा अंतर ६० सेंटिमीटर आणि बाक ३ सेंटिमीटर भरला. अंतराचा वर्ग ३६००, त्याला बाकाच्या आठपटीनं म्हणजे २४ नं भागलं की १५०, त्यात बाकाचा अर्धा, दीड, मिळवला की त्रिज्या १५१.५ सेंटिमीटर. म्हणजे स्तूप साधारण तीन मीटर व्यासाचा, घेर साडेनऊ मीटर, आणि अशा सुमारे सोळा लाद्या त्याला लागल्या असणार. बाक मोजताना मात्र दोन मिलिमीटरची चूक झाली तरी उत्तर सोळावरून पंधरा किंवा सतरावर जातं, आणि कडा झिजलेल्या असतात, म्हणून एकाच लादीवर न विसंबता त्याच संचातल्या जितक्या मिळतील तितक्या मोजाव्या लागतात. मग प्रसंग लावून पाहायचे. लादीच्या उजव्या कडेला अर्धस्तंभ पूर्ण आहे की अर्धा, तिच्या शेजारणीच्या डाव्या कडेला उरलेला अर्धा बसतो का, वरच्या नक्षीची पानं जुळतात का. सोळांपैकी अकरा लाद्या हाती असतील आणि बोधिप्राप्तीनंतर थेट परिनिर्वाण येत असेल, तर सारनाथच्या पहिल्या प्रवचनाची लादी कुठल्या तरी दुसऱ्या संग्रहात असण्याची शक्यता धरून तिथल्या लाद्यांचा बाक मोजायला जावं.